क्रेन कोसळली तर कुठवर पोहोचेल?

10 मे 2023 रोजी भर दुपारी तैवानमधल्या ताइचुंग शहरात एका बांधकामावरच्या टॉवर क्रेनचा लांबलचक बूम तुटून खाली आला. बांधकाम खासगी इमारतीचं होतं आणि मेट्रोशी त्याचा काही संबंध नव्हता. पण इमारतीला लागूनच मेट्रोचा उन्नत मार्ग होता आणि बूम थेट रुळांवर जाऊन पडला. शेजारच्या स्थानकात त्या वेळी गाडी उभी होती. ती चालकाविना धावणारी गाडी. दारं बंद झाली, गाडी ठरल्या वेळी निघाली आणि समोरच्या लोखंडावर आदळली. एका प्रवासी स्त्रीचा जीव गेला, अनेक जण जखमी झाले.

आपल्याकडचं अलीकडचं उदाहरण अहमदाबादजवळच्या वटव्याचं. 23 मार्च 2025 च्या रात्री तिथे बुलेट ट्रेनच्या उड्डाणमार्गाचं काम चालू होतं. गर्डर बसवण्याचं काम उरकून मागे सरकणारी अजस्र गँट्री जागेवरून घसरली आणि शेजारच्या चालू रेल्वेमार्गाला अडथळा झाला. जीवितहानी झाली नाही, पण कित्येक गाड्या रद्द कराव्या लागल्या, काहींचे मार्ग वळवावे लागले. इथेही उचललेलं वजन रुळांवर न्यायचं नव्हतंच. वजन जागच्या जागी बसलेलं होतं, यंत्र परत निघालं होतं.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की रेल्वेलगतच्या क्रेनकामातला खरा प्रश्न दिसतो. रुळांच्या वरून गर्डर न्यायचा असेल तर गाड्या बंद ठेवाव्या लागतील, हे कुणालाही सांगावं लागत नाही. मुंबईतला ब्रिटिशकालीन कर्नाक पूल नोव्हेंबर 2022 मध्ये पाडला, तेव्हा मध्य रेल्वेने 27 तासांचा मेगाब्लॉक घेतला आणि साऱ्या शहराला त्याची आधी कल्पना दिली. असं मोठं काम सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं. निसटतं ते कुंपणाच्या अलीकडचं छोटं काम. पादचारी पुलाचा एखादा खांब, लिफ्टचा सांगाडा, होर्डिंगचा लोखंडी पाया, शेजारच्या इमारतीवर चढवायची पाण्याची टाकी. वजन कुंपण ओलांडणार नसतं, म्हणून रेल्वेला कळवायची गरज नाही असं वाटतं. अशा कामाच्या जोखीम मूल्यांकनात पहिला प्रश्न ‘वजन कुठून कुठे जाणार’ हा नसतो. उभी क्रेन आहे तशी आडवी झाली तर तिचं टोक कुठवर पोहोचेल, हा असतो. कंपास घेऊन नकाशावर ते वर्तुळ काढलं, तरच बाकीचं मूल्यांकन सुरू होतं.

हे वर्तुळ कामाची आखणी कशी बदलतं, ते पाहण्यासाठी एक नमुन्याचं काम आकड्यांनिशी घेऊ. उपनगरी स्थानकाच्या बाहेरच्या बाजूला पादचारी पुलाचा एक लोखंडी खांब उभा करायचा आहे. खांब 12 मीटर उंच, वजन 6 टन. स्थानकात चार मार्ग आहेत. आधी दोन धिमे, मग दोन जलद, आणि लगतच्या मार्गांच्या मध्यरेषांमध्ये 5.3 मीटर अंतर. खांबाचा पाया पहिल्या धिम्या मार्गाच्या मध्यरेषेपासून 8 मीटर अलीकडे आहे. ठेकेदाराने 80 टनी क्रेन ठरवली आहे. ती पायापासून 10 मीटरवर, म्हणजे पहिल्या मार्गापासून 18 मीटरवर उभी करायचा त्याचा विचार आहे. बूमची लांबी 30 मीटर, कारण पुढे जिन्याचे भाग चढवायलाही तीच लांबी चालेल. क्षमतेच्या तक्त्यात पाहिलं तर काम अगदी सोपं दिसतं. हूक आणि साखळदंड धरून वजन 6.8 टन होतं आणि 10 मीटर अंतरावर ही क्रेन, समजा, 20 टन उचलते. क्षमतेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंच काम.

आता वर्तुळ काढू. बूम 30 मीटरचा आहे. क्रेन कलंडली तर तो पूर्ण लांबीने जमिनीवर येईल. त्याच्या टोकाला खांब लटकत असेल, तर खांबाची अर्धी लांबी, म्हणजे आणखी 6 मीटर, पुढे धरायला हवी. झाले 36 मीटर. क्रेनपासून चार मार्ग अनुक्रमे 18, 23.3, 28.6 आणि 33.9 मीटरवर आहेत. चारही मार्ग वर्तुळात आले! खांब कुंपणाच्या आतच राहणार आहे, क्रेनची क्षमता तिपटीने आहे, आणि तरीही या आराखड्यात जलद मार्गावरून धावणारी मेल-एक्स्प्रेस कोसळत्या बूमच्या टप्प्यात आहे.

अनुभवी माणूस इथे आधी बूमकडे पाहतो. जिन्याचं काम नंतरचं आहे, मग 30 मीटर आज कशाला? 12 मीटरचा खांब पायावरच्या बोल्टवर उतरवायला तो जमिनीपासून अर्धा मीटर वर उचलावा लागेल. त्यावर साखळदंडाचे अडीच मीटर, हुकाच्या ठोकळ्याचे दोन. टोकाची उंची 17 मीटरांहून थोडी जास्त असली की भागतं, आणि त्यासाठी 21 मीटर बूम पुरतो. वर्तुळ 36 वरून 27 मीटरवर आलं. चौथा मार्ग बाहेर पडला. तिसऱ्या मार्गाची मध्यरेषा 28.6 मीटरवर आहे, म्हणजे तोही सुटला असं वाटतं. पण उपनगरी गाडीचा डबा 3.66 मीटर रुंद असतो. मध्यरेषेपासून त्याची बाजू 1.83 मीटर अलीकडे येते, म्हणजे 26.77 मीटरवर. वर्तुळ तिला घासून जातं. अंतर रुळापासून मोजायचं की गाडीच्या अंगापासून, या एका गोष्टीवर इथे जलद मार्गाची सुरक्षितता ठरते, आणि घाईत काढलेल्या नकाशांमध्ये हीच चूक सर्रास दिसते.

मग क्रेन मागे घेता येईल का? तीन मीटर मागे घेतली तर ती पहिल्या मार्गापासून 21 आणि खांबापासून 13 मीटरवर येते. बूम तेवढाच पुरतो. तिसऱ्या मार्गावरच्या डब्याची बाजू आता 29.77 मीटरवर गेली आणि वर्तुळ 27 मीटरवरच आहे. पावणेतीन मीटरची मोकळीक मिळाली. दोन्ही जलद मार्ग वर्तुळाबाहेर राहिले, आता गाड्या थांबवायच्या त्या फक्त दोन धिम्या मार्गांवर.

मागे सरकणं एवढं लाभदायक असेल तर आणखी मागे का जाऊ नये? पाच मीटर मागे घेतली तर खांब 18 मीटरवर जातो. तेवढ्या दुरून खांब पुरेसा उंच उचलायला बूम 24 मीटरांचा लागतो. वर्तुळही त्याबरोबर 30 मीटर होतं आणि दुसरा मार्ग आतच राहतो. म्हणजे मिळालं काहीच नाही. उलट क्रेनपासून वजन जितकं दूर जातं तितकी तिची उचलण्याची ताकद झपाट्याने घटते. 10 मीटरवर 20 टन उचलणारी क्रेन 18 मीटरवर, समजा, 9 टनच उचलते. मग 6.8 टनांचं वजन क्षमतेच्या 76 टक्के होतं. रेल्वेलगत काम करणारे अनेक जण 75 टक्क्यांची मर्यादा पाळतात, ती इथे मोडली. रुळांपासून दूर जाण्याच्या नादात क्रेन कलंडण्याची शक्यताच वाढली. तेव्हा तीन मीटरच योग्य. हे कोणत्याही तयार फॉर्ममध्ये सापडत नाही. ते त्या जागेवर, त्या क्रेनच्या तक्त्यावर आणि त्या नकाशावर बसूनच काढावं लागतं.

अनेक आराखड्यांत इथे एक पळवाट दिसते. क्रेनच्या फिरण्यावर इलेक्ट्रॉनिक मर्यादा घालता येते, म्हणजे बूम रुळांच्या दिशेला ठराविक कोनापलीकडे वळतच नाही. मग ‘बूम रुळांकडे वळणार नाही, सबब धोका नाही’ असं लिहून विषय मिटवला जातो. ही मर्यादा चांगलीच आहे, ती लावावीच. पण ती चालकाच्या चुकीपासून वाचवते. एका पायाखालची जमीन खचली तर क्रेन कुठे कलंडेल, हे त्या मर्यादेच्या हातात नसतं. जमीन खचेल तिकडेच क्रेन जाते.

आणि जमीन खचणं ही काही दूरची शक्यता नाही. फिरत्या क्रेनच्या अपघातांमागे हे नेहमीचं कारण आहे. आपल्या नमुन्यातली क्रेन, तिची प्रतिवजनं आणि खांब मिळून 67 टन धरू. चार आउटरिगर पायांवर हा भार सारखा वाटला जात नाही. बूम एखाद्या पायाच्या डोक्यावर आला की एकूण भाराचा पाऊण हिस्सा त्या एकाच पायावर येऊ शकतो, म्हणजे 50 टन. रेल्वेच्या हद्दीलगतची जमीन बहुधा भरावाची असते. ती दर चौरस मीटरला 10 टन सोसेल असं चाचणीत निघालं, तर त्या पायाखाली किमान 5 चौरस मीटरचा भक्कम पाट हवा. क्रेनसोबत येणारे छोटे चौकोनी ठोकळे तिथे कामाचे नाहीत. शिवाय स्थानकाभोवतीच्या जमिनीत जुनी गटारं, सिग्नलच्या केबलींचे चर, बुजवलेल्या विहिरी असतात. वरून पेव्हर ब्लॉक बसवलेले असले की खालची पोकळी दिसत नाही. म्हणून क्रेन येण्याआधी रेल्वेच्या सिग्नल आणि विद्युत विभागांकडून केबलींचे नकाशे घ्यायचे, संशयाच्या जागी हाताने खड्डा खणून पाहायचं. जमीन दगा देणार असेल तर त्याची खूण आधी दिसते. पहिल्या पोकळ फेरीत, म्हणजे वजन न लावता बूम सगळीकडे फिरवताना, एखादा पाट एका कडेने दबतो किंवा क्रेनमधल्या पाणसळीचा बुडबुडा सरकतो. ती खूण दिसली की काम तिथेच थांबतं.

वाऱ्याचंही असंच आहे. दूरबिणीसारखा लांबणारा बूम असलेल्या क्रेनला उत्पादकाने घालून दिलेली वाऱ्याची मर्यादा साधारण सेकंदाला 9 ते 10 मीटर असते, आणि ती बूमच्या टोकापाशी मोजायची असते. खाली फलाटावर झुळूकही नसताना 19 मीटर उंचीवर वारा बऱ्यापैकी असू शकतो.

आता वरच्या तारा. मुंबईची उपनगरी रेल्वे पूर्वी 1500 व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालायची. 2016 मध्ये हार्बर मार्गाचं परिवर्तन पुरं झालं आणि सगळं जाळं 25,000 व्होल्टवर आलं. या दाबाला स्पर्शाची गरज नसते. पुरेसं जवळ गेलं की ठिणगी हवेतूनच उडी मारते. म्हणून रेल्वेच्या नियमानुसार चालू तारेपासून 2 मीटरच्या आत माणूस, अवजार किंवा बूम काहीही येता कामा नये. यायचं असेल तर वीज बंद करून, तार जमिनीला जोडून, तसं लेखी परवानापत्र हातात घेऊनच. क्रेन तारेला समांतर बराच वेळ उभी राहिली तर स्पर्श न होताही तिच्या लोखंडात प्रेरित दाब साठतो आणि हूक धरणाऱ्या माणसाला झटका बसतो. त्यासाठी क्रेनची चौकट आधीच जमिनीला जोडून ठेवायची. वजनाला दिशा देणारे दोरही कोरडे आणि वीज न वाहणारे हवेत, भिजलेला सुती दोर चालत नाही.

इथे एक गैरसमज जिवावर बेततो. रेल्वेत ‘ब्लॉक’ हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. ट्रॅफिक ब्लॉक म्हणजे त्या मार्गावर गाडी येणार नाही. पॉवर ब्लॉक म्हणजे वरच्या तारेतली वीज बंद. पहिला मिळाला म्हणजे दुसरा मिळाला असं मुळीच नाही. गाड्या बंद आहेत, रूळ शांत आहेत, आणि डोक्यावर 25,000 व्होल्ट चालू आहेत, अशी स्थिती अगदी नेहमीची आहे. आपल्या कामाला धिम्या मार्गांवर दोन्ही हवेत. त्यातही मास्टच्या बाहेरच्या बाजूने एखादी फीडर तार जात असेल तर ती वेगळ्या स्रोताची असू शकते आणि ब्लॉकनंतरही जिवंत राहू शकते. ती बंद केली का, हे वेगळं विचारावं लागतं. तपासून, दोन्ही टोकांना अर्थिंग लावून झालं की मगच बूम वर.

‘मगच बूम वर’ या शब्दांतही एक नियंत्रण दडलेलं आहे. वर्तुळ फक्त वजन उचलताना लागू होत नाही. बूम उभा असेल तितका वेळ ते लागू असतं, हूक रिकामा असला तरी. म्हणून क्रेन संध्याकाळी येऊन पाय पसरून बसली तरी ब्लॉक मिळेपर्यंत बूम मिटलेला आणि रुळांना समांतर आडवा ठेवायचा. 21 मीटरपेक्षा जास्त लांबवता येऊ नये म्हणून संगणकात मर्यादा घालून किल्ली पर्यवेक्षकाकडे द्यायची.

निषिद्ध क्षेत्रं या कामात एकात एक तीन होतात, आणि तिन्हींचं कारण वेगवेगळं आहे. सगळ्यांत आतलं म्हणजे क्रेनच्या मागच्या प्रतिवजनाभोवतीचं. बूम फिरतो तसं ते उलट दिशेला फिरतं आणि भिंत व क्रेन यांच्यामध्ये उभा असलेला माणूस चिरडला जातो. दुसरं, वजनाखालचं आणि खांबाच्या उंचीएवढं त्याच्या आजूबाजूचं. इथे फक्त दोर धरणारे दोघे आणि इशारा देणारा एक, तेही खांब उभा होऊन खाली येताना. तिसरं ते 27 मीटरचं मोठं वर्तुळ. रुळांच्या बाजूला ते ब्लॉकने सांभाळलं जातं, पण वर्तुळ गोल असतं. ते स्थानकाच्या रस्त्यावरही पसरतं. रात्री दीडला तिथे रिक्षावाले झोपलेले असतात, चहाची टपरी असते, शेवटच्या गाडीने आलेले प्रवासी असतात. रेल्वेची काळजी घेताना रस्त्याकडे पाठ फिरवली तर मूल्यांकन अर्धंच झालं. रस्ता वाहतूक पोलिसांच्या परवानगीने बंद करायचा, टपऱ्यांना आदल्या दिवशी सांगायचं आणि वर्तुळातल्या घरांत कुणी राहत असेल तर त्यांना तेवढ्या तासांपुरतं हलवायचं.

याशिवाय जमिनीवर एक साधी पांढरी रेघ असते. जवळच्या मार्गाच्या मध्यरेषेपासून 3.5 मीटरवर रुळांना समांतर चुन्याने ती मारायची, आणि कामावरचं कोणतंही वाहन, यंत्र किंवा रचून ठेवलेला माल तिच्यापलीकडे जाऊ द्यायचा नाही, ही भारतीय रेल्वेवरची जुनी पद्धत आहे. ट्रेलर मागे घेताना चालकाला आरशात दिसते ती हीच रेघ. वळणाऱ्या वाहनाचा मागचा भाग तिच्यावरून झुलतो, म्हणून तिथे माणूस उभा करायचा.

बरं, इतकं सगळं करूनही जलद मार्गावर काही जाऊन पडलंच तर? तिथे गाड्या धावतच आहेत. ताशी 100 किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ 28 मीटर कापते. थांबायला तिला शेकडो मीटर लागतात. रेल्वेच्या सर्वसाधारण नियमांनुसार ब्रॉडगेजवर अडथळ्यापासून 600 मीटरवर एक आणि 1200 मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन डिटोनेटर ठेवायचे. चाकाखाली फुटून मोटरमनला सावध करणारे हे पटाखे. आता हिशोब असा. 1200 मीटर अंतर ती गाडी 43 सेकंदांत पार करते. तेच अंतर अंधारात खडीवरून धावत जायला धडधाकट माणसालाही पाच-सहा मिनिटं लागतात. म्हणजे अपघात झाल्यावर माणूस पाठवणं निरुपयोगी आहे. तो आधीपासून, डिटोनेटर, लाल दिवा आणि वॉकीटॉकी घेऊन, दोन्ही दिशांना तिथे उभा हवा. स्टेशन मास्तरच्या खोलीतही कामाचा एक प्रतिनिधी बसवायचा. त्याच्या हाती एकच काम, रेडिओवर ठरलेला शब्द ऐकू आला की क्षणात सिग्नल लाल करायला सांगणं.

सिग्नल आपोआप लाल होईल या भरवशावर राहता येत नाही, आणि हे अनेक स्थापत्य अभियंत्यांनाही ठाऊक नसतं. ज्या भागात ट्रॅक सर्किट आहे तिथे लोखंडी बूम दोन्ही रुळांवर नीट टेकला तर रुळांमधला विद्युत्प्रवाह जोडला जातो आणि मार्ग व्यापला असल्याचं यंत्रणेला कळतं. पण तो एकाच रुळावर पडला, किंवा पडलेली वस्तू काँक्रीटची असली, तर काहीच कळत नाही. आणि जिथे चाकं मोजणारे ॲक्सल काउंटर बसवले आहेत, तिथे आत किती चाकं गेली आणि बाहेर किती आली एवढंच मोजलं जातं. वरून पडलेल्या क्रेनला चाकं मोजायची जागा नसते. मार्ग मोकळाच दिसत राहतो.

मूल्यांकनाच्या तक्त्यात हे सारं आकड्यांत मांडायचं असतं. संभाव्यता एक ते पाच, परिणाम एक ते पाच, आणि दोन्हींचा गुणाकार. पण गाडीवर क्रेन पडण्याचा परिणाम पाचच असतो. कितीही नियंत्रणं लावली तरी तो चार होत नाही. संभाव्यता एकवर आणली की गुणाकार पाच येतो, आणि तक्त्याच्या रंगांत तो हिरव्या घरात जाऊन बसतो, घसरून गुडघा फुटण्याच्या धोक्याच्या शेजारी. म्हणून जाणकार लोक या ओळीसाठी गुणाकारावर विसंबत नाहीत. गाडी वर्तुळात असणारच नाही, अशी व्यवस्था आधी झाली आहे का, एवढंच ते पाहतात. फिरण्याची मर्यादा, लुकआउट माणूस, इशाऱ्याचे शब्द हे सगळं त्यानंतर येतं. पहिल्याच्या बदल्यात ते चालत नाही.

आपल्या कामाला रात्री दीड ते चार असा अडीच तासांचा ब्लॉक मिळाला असं धरू. ऐकायला पुष्कळ वाटतो. वीज बंद होऊन अर्थिंग लागेपर्यंत आणि दोन्ही बाजूंना संरक्षण उभं राहीपर्यंत दोन वाजतात. बूम वर घेऊन पोकळ फेरी आणि खांब जमिनीपासून वीतभर उचलून थांबण्याची चाचणी यात आणखी वीस मिनिटं. शेवटी अर्थिंग काढणं, रूळ तपासणं, कागदावर सह्या, यांना पंचवीस मिनिटं राखून ठेवावी लागतात. उरलेल्या वेळात खांब बसायला आणि पक्का व्हायला हवा. म्हणून आराखड्यात एक वेळ ठळक लिहिलेली असते, इथे दोन चाळीस. तोवर खांब उचलायला सुरुवात झाली नाही, तर त्या रात्री तो उचलायचा नाही. क्रेनचं भाडं बुडतं, पुढचा ब्लॉक मिळायला आठवडे लागतात, साइटवर दडपण प्रचंड असतं. त्यामुळेच ही वेळ आधी, दिवसा, शांतपणे ठरवून तिच्यावर रेल्वेच्या पर्यवेक्षकाची सही घ्यायची. ‘नाही’ म्हणायचा अधिकार कुणाचा, तेही त्याच कागदावर.

दोन चाळीस ही वेळ इतकी कडक का, याचं उत्तर खांबाच्या उंचीत आहे. हूक सुटला की क्रेनचं काम संपतं, धोका संपत नाही. पायावर नुसता टेकवलेला 12 मीटरचा खांब आता स्वतःच एक वर्तुळ घेऊन उभा असतो. तो रुळांच्या बाजूला पडला तर पहिला मार्ग तर जातोच, दुसऱ्या मार्गावरच्या डब्याची बाजू पायापासून साडेअकरा मीटरवर आहे, खांबाचं टोक तिथेही पोहोचतं. तेव्हा पायाचे सगळे बोल्ट पूर्ण आवळून, खांबाची ओळंब तपासून, तीन दिशांना ताणदोर बांधल्याशिवाय हूक सोडायचा नाही आणि धिमे मार्गही परत द्यायचे नाहीत. चार बोल्टांपैकी दोन लावून ‘बाकीचे सकाळी’ म्हणण्याचा मोह पहाटे साडेतीनला फार होतो. त्या दोन बोल्टांच्या भरवशावर पहाटेची पहिली लोकल शेजारून जाते.

पुलाचा दुसरा खांब धिम्या आणि जलद मार्गांच्या मधल्या जागेत येणार आहे. त्यासाठी क्रेनला दोन मार्गांवरून हात लांबवावा लागेल, बूम 30 मीटरच्या पुढे जाईल आणि वर्तुळात पुन्हा चारही मार्ग येतील. पहिल्या रात्रीचा कागद तारीख बदलून तिथे वापरता येत नाही. क्रेन मोठी लागते, पाट वेगळे लागतात, चारही तारांची वीज बंद करावी लागते, आणि अडीच तासांत ते बसत नाही. रविवारचा मेगाब्लॉक मागण्याचा अर्ज त्यासाठी कित्येक आठवडे आधी, वर्तुळाचा नवा नकाशा जोडून, विभागीय कार्यालयाकडे द्यावा लागतो.